कॉफीने कर्करोग होतो का? ‘सवयीमुळे धोका वाढतो’ अशा बातमीमागच्या रिग्रेशनला विचारायचे प्रश्न

अमुक खाल्ल्याने धोका दुप्पट, तमुक प्यायल्याने तिप्पट, अशा बातम्या दर आठवड्याला येतात. त्या प्रत्येक बातमीमागे एक तक्ता असतो आणि त्या तक्त्यावर चालवलेलं एक रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे काढणारं गणित, असतं. त्याला काय विचारावं हे समजून घ्यायला १९८१ सालचं एक खरं प्रकरण इथे पूर्ण उलगडलं आहे. त्याचा मूळ तक्ता लहान आहे. कागद-पेन्सिल घेऊन हिशोब स्वतः करून पाहता येतो, आणि तो करून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

हे प्रकरण नेमकं काय आहे?

मार्च १९८१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात हार्वर्डचे ब्रायन मॅकमहॉन आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या ३६९ रुग्णांना आणि तुलनेसाठी घेतलेल्या ६४४ इतर रुग्णांना त्यांनी तंबाखू, दारू, चहा आणि कॉफी यांच्या सवयी विचारल्या होत्या. दारू आणि चहाचा संबंध दिसला नाही, सिगारेटचा थोडा दिसला. कॉफीचा मात्र ठळक दिसला. दिवसाला दोन कपांपर्यंत पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांच्या १.८ पट धोका, तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांना २.७ पट.

स्वादुपिंडाचा कर्करोग अत्यंत घातक, आणि कॉफी अमेरिकेत घरोघरी. त्यामुळे बातमी वाऱ्यासारखी पसरली. हा संबंध इतर आकडेवारीशी ताडून पाहायला हवा, असं संशोधकांनी पेपरच्या सारांशातच लिहिलं होतं. अशी वाक्यं मथळ्यात येत नाहीत.

‘२.७ पट’ हा आकडा येतो कुठून?

मोजणीतून. पेपरमधल्या तक्त्यात स्त्री-पुरुष वेगळे दिले आहेत. ते एकत्र केले आणि ‘पितो’ व ‘पीत नाही’ एवढेच दोन गट ठेवले, तर चार आकडे उरतात. कर्करोगाच्या रुग्णांपैकी ३४७ जण कॉफी पिणारे आणि २० न पिणारे. तुलनेच्या रुग्णांपैकी ५५५ पिणारे आणि ८८ न पिणारे. (काही जणांची माहिती अपुरी असल्याने बेरीज एक-दोनने कमी भरते.)

आता तिरपा गुणाकार करा. ३४७ गुणिले ८८, भागिले २० गुणिले ५५५. उत्तर २.७५. याला ऑड्स रेशो म्हणतात. स्त्री-पुरुष, वय, सिगारेट असा काहीच हिशोब न धरता केलेलं हे ढोबळ उत्तर आहे. त्यात कमी-जास्त पिणारे सगळे एकत्र आहेत, तरी ते पेपरमधल्या २.७ च्या जवळपासच येतं.

यात रिग्रेशन काय करतं?

वरच्या चार आकड्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे ‘हो-नाही’ अशा उत्तरांसाठीचं रिग्रेशन, चालवलं तर तेच उत्तर येतं. संगणकावर ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रणाली असेल तर करून पाहा:

```
d <- data.frame(coffee = c(1, 0),
                cases = c(347, 20),
                controls = c(555, 88))
m <- glm(cbind(cases, controls) ~ coffee,
         family = binomial, data = d)
exp(coef(m))
exp(confint.default(m))
```

`coffee` समोर २.७५ दिसेल आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे योगायोगाने आकडा जितका इकडेतिकडे होऊ शकतो तो पल्ला, साधारण १.६६ ते ४.५५.

रिग्रेशनची खरी कामगिरी पुढे सुरू होते. कॉफीशेजारी वय, लिंग, सिगारेट असे आणखी रकाने घातले की ‘या बाबतीत सारखी असलेली दोन माणसं घेतली तर कॉफीने किती फरक पडतो’ याचा अंदाज ते देतं. बातमीत ‘इतर घटक विचारात घेऊनही’ असं वाक्य असतं ते या पायरीविषयी. मात्र रिग्रेशनला फक्त तक्त्यातले रकाने दिसतात. तक्त्यात माणसं कुठून आली, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

मग पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

तुलना कोणाशी केली, हा. ‘२.७ पट’ म्हणजे कोणाच्या २.७ पट? कॉफी न पिणाऱ्यांच्या. सगळ्या आकड्यांचा पाया हा न पिणाऱ्यांचा गट आहे, आणि कर्करोगाच्या बाजूला त्या गटात माणसं आहेत अवघी वीस.

हे विसाचं प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हलची रुंदी ठरते ती चारही आकड्यांच्या व्यस्तांच्या बेरजेवरून, म्हणजे १/३४७ अधिक १/५५५ अधिक १/८८ अधिक १/२०. ही बेरीज होते ०.०६६, आणि त्यातले ०.०५ एकट्या १/२० चे. अनिश्चिततेचा तीन चतुर्थांश हिस्सा त्या वीस माणसांमुळे आहे. ‘हजारावर लोकांचा अभ्यास’ हे वर्णन खोटं नाही, पण तराजूचा काटा हलवणारी माणसं फार थोडी होती. म्हणून बातमीतला एकूण आकडा वाचून दबून जाऊ नये. सर्वांत लहान चौकटीत किती जण आहेत ते आधी शोधावं.

हे कॉफी न पिणारे होते तरी कोण?

या प्रकरणाची सगळी मेख इथे आहे. तुलनेचे रुग्ण निवडताना संशोधकांनी सोयीची आणि वरवर पाहता रास्त वाटणारी पद्धत वापरली. ज्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांना बॉस्टन आणि ऱ्होड आयलंडच्या इस्पितळांत दाखल केलं होतं, त्याच डॉक्टरांचे त्याच काळात दाखल असलेले दुसरे रुग्ण घेतले. स्वादुपिंडाचा कर्करोग पाहणारे डॉक्टर पुष्कळदा पोटविकारतज्ज्ञ असतात. त्यांच्या इतर रुग्णांना काय झालेलं असणार? जठराचा दाह, अन्ननलिकेचा दाह, आतड्यांचे विकार. अशा माणसाला पहिला सल्ला कोणता मिळतो? कॉफी बंद करा. कित्येकांना तर सल्ल्याचीही गरज पडत नाही. प्यायलं की जळजळतं, म्हणून ते आपणहून सोडतात.

म्हणजे तुलनेच्या गटात कॉफी न पिणारे १३.७ टक्के दिसले आणि कर्करोगाच्या गटात ५.४ टक्के, याचं कारण कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पीत होते हेच असायला पाहिजे असं नाही. तुलनेचे रुग्ण नेहमीच्या लोकांपेक्षा कमी पीत होते, म्हणूनही अगदी हाच फरक दिसेल. चार आकडे दोन्ही गोष्टींत हुबेहूब सारखे येतात. कोणतंही गणित त्यांच्यातून खरी गोष्ट वेगळी काढू शकत नाही.

यामुळे उत्तर कितीसं बदलणार?

करून पाहू. तुलनेच्या गटातल्या ८८ न पिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी, म्हणजे ४४ जणांनी, पोटाच्या त्रासामुळे कॉफी सोडली होती असं समजा. हा केवळ हिशोबापुरता धरलेला आकडा आहे. हे ४४ जण धडधाकट असते तर पिणाऱ्यांत मोजले गेले असते. मग तुलनेच्या गटात पिणारे होतात ५९९ आणि न पिणारे ४४. पुन्हा तिरपा गुणाकार केला तर ऑड्स रेशो येतो १.२७ आणि इंटरव्हल साधारण ०.७४ ते २.२०. मधे १ येतो, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ ही शक्यता आता शाबूत आहे.

कर्करोगाचा एकही रुग्ण इकडचा तिकडे केला नाही. तुलनेच्या ६४३ मधले ४४ हलवले आणि मथळा नाहीसा झाला. बातमी वाचताना असाच प्रयोग मनाशी करावा: सर्वांत कमकुवत चौकटीतली किती माणसं हलवली की निष्कर्ष कोसळतो? अशी हालचाल घडायला खरंखुरं कारण आहे का?

पण सिगारेटचा परिणाम वेगळा काढला होता ना?

काढला होता, आणि त्यानंतरही कॉफीचा आकडा टिकला. इथे पुष्कळ जाणकार वाचकही फसतात. समायोजन केलं म्हटलं की सगळं धुऊन निघालं असं वाटतं.

सिगारेट ओढणारे कॉफीही जास्त पितात, आणि सिगारेटने हा कर्करोग होतो. म्हणून सिगारेटचा रकाना घालणं आवश्यकच होतं. मात्र पोटाच्या दुखण्यामुळे तुलनेच्या गटात आलेली माणसं ही वेगळ्या जातीची अडचण आहे. ती निवडीची चूक आहे. सिगारेटचे दहा रकाने घातले तरी ती जागची हलत नाही.

समायोजनाबद्दल आणखी दोन गोष्टी विचारायच्या असतात. एक, तो घटक मोजला कसा? ‘सिगारेट ओढता का, हो किंवा नाही’ एवढंच विचारलं असेल तर दिवसाला दोन ओढणारा आणि तीस वर्षं रोज पाकीट संपवणारा एकाच खणात पडतात. मग सिगारेटचा उरलेला परिणाम गुपचूप कॉफीच्या खात्यावर जमा होतो. दुसरी, जे रकाने घातले ते सगळे घालायला हवे होते का? मिठाने पक्षाघात होतो का हे तपासताना रक्तदाबाचा रकाना घातला तर मिठाचा परिणाम बराच पुसला जाईल, कारण मीठ अपाय करतं ते मुख्यतः रक्तदाब वाढवूनच. रकाने जितके जास्त तितका अभ्यास पक्का, हा समज सोडून द्यायला हवा.

‘जितके कप जास्त तितका धोका जास्त’ असंही दिसलं होतं. तो तर पुरावाच ना?

मात्रेबरोबर धोका चढत गेला तर पुरावा बळकट होतो हे बरोबर. पेपरमध्ये तशी चढण संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीयही ठरली होती. पण पुरुषांचे आकडे उघडून पाहा. न पिणारे: कर्करोगाचे ९, तुलनेचे ३२. एक-दोन कप: ९४ आणि ११९. तीन-चार कप: ५३ आणि ७४. पाच किंवा जास्त: ६० आणि ८२. यातून ऑड्स रेशो निघतात १, मग २.८, मग २.५, मग २.६.

ही चढण नव्हे. एक उंच पायरी आणि पुढे सपाट ओटा. एक कप पिणारा आणि सहा कप पिणारा यांच्यात फरकच नाही. सगळा फरक ‘अजिबात नाही’ आणि ‘थोडीशी’ यांच्यात. खरंच विषारी असलेली गोष्ट सहसा अशी वागत नाही. पण तुलनेच्या गटात ‘अजिबात न पिणारे’ वाजवीपेक्षा जास्त भरले असतील तर आलेख नेमका असाच दिसेल. स्त्रियांमध्ये तीन-चार कपांपर्यंत आकडा वाढतो आणि पाचच्या पुढे थोडा खाली येतो.

म्हणून चढणीचा दावा असेल तेव्हा शून्याचा गट हाताने झाकावा आणि उरलेल्यांत चढ दिसतो का ते पाहावं. मला ठाऊक असलेली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी आहे.

पेपरमध्ये २.७ पटीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल १.६ ते ४.७ होता. मग शंका कशाची?

इंटरव्हल फक्त योगायोगाचा हिशोब देतो. याच पद्धतीने, याच डॉक्टरांकडून, पुन्हा पुन्हा माणसं निवडली तर आकडा किती इकडेतिकडे होईल एवढंच तो सांगतो. निवड मुळातच वाकडी असेल तर तो वाकड्या आकड्याभोवती आखलेला नीटनेटका पट्टा असतो. माणसं दसपट घेतली तर पट्टा अरुंद होईल, वाकडेपणा तेवढाच राहील.

२.७ पट खरं धरलं, तर माझा धोका किती झाला?

हे या अभ्यासातून काढताच येत नाही. आमच्या तक्त्यात १,०१० पैकी ३६७ जणांना कर्करोग आहे, म्हणजे ३६ टक्के. तो रोगाचा प्रसार नाही. संशोधकांनी मुद्दाम तितके रुग्ण गोळा केले म्हणून आलेला आकडा आहे. प्रत्यक्ष धोका बाहेरून, कर्करोग नोंदणीतून आणावा लागतो. समजा न पिणाऱ्या लाख माणसांत वर्षाला १० जणांना हा रोग होतो. मग २.७ पट म्हणजे २७. लाखात १७ जास्त. ‘जवळजवळ तिप्पट’ आणि ‘लाखात १७’ ही एकाच गोष्टीची दोन रूपं, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो पहिल्याने.

ऑड्स रेशो आणि धोका किती पट, हे एकच का?

रोग विरळ असेल तर जवळपास एकच. रोग सर्रास आढळणारा असेल तर नाही. एका गटात ६० टक्क्यांना त्रास आणि दुसऱ्यात ४० टक्क्यांना, तर धोका दीडपट होतो. ऑड्स रेशो मात्र २.२५ निघतो. पाठदुखी, निद्रानाश, ॲसिडिटी अशा विषयांवरच्या बातम्यांत ‘सव्वादोन पट’ वाचलं तर मूळ पेपरमध्ये ऑड्स रेशो होता का हे जरूर पाहावं.

पुढे काय झालं?

त्याच वर्षी येलचे अल्व्हन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तुलनेच्या गटाच्या निवडीवर नेमकं बोट ठेवलं. १९८६ मध्ये मॅकमहॉन यांच्याच गटाने नवी माहिती गोळा करून त्याच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये पत्र लिहिलं, की आधीचा ठळक संबंध पुन्हा दिसला नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाची स्वतः फेरतपासणी करून ती छापणं, ही शास्त्रज्ञाची खरी सचोटी. मॅकमहॉन यांचं नाव केवळ चुकीचं उदाहरण म्हणून घेतलं जातं ते मला पटत नाही.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीवरच्या हजाराहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. स्वादुपिंडाच्या बाबतीत कॉफी कर्करोगकारक नसल्याकडेच पुरावा झुकतो, असा निर्णय तिने दिला.

मग रुग्णालयातले रुग्ण घेऊन केलेले सगळे अभ्यास बाद समजायचे का?

मुळीच नाही. १९५० मध्ये लंडनच्या रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास असाच केला. फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत न ओढणारे २, तुलनेच्या ६४९ पुरुषांत २७. ऑड्स रेशो १४. इथे तर सर्वांत लहान चौकटीत दोनच माणसं आहेत!

तरीही तो निष्कर्ष टिकला, आणि का टिकला ते पाहण्यासारखं आहे. ओढणाऱ्यांमध्येच, म्हणजे शून्याचा गट झाकूनही, जास्त ओढणाऱ्यांचा वाटा कर्करोगाच्या बाजूला वाढत जात होता. तुलनेच्या गटात इथेही दोष होता, पण उलट्या दिशेचा. इस्पितळातल्या इतर रुग्णांपैकी काहींचे आजारही तंबाखूचेच होते, त्यामुळे त्या गटात ओढणारे वाजवीपेक्षा जास्त होते. अशा दोषाने संबंध कमी दिसतो. कमी दिसूनही १४ पट दिसला. पुढे ब्रिटिश डॉक्टरांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, जिथे रुग्ण निवडण्याचा प्रश्नच नव्हता, तेच उत्तर मिळालं.

आपल्याकडे मुंबईत संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंड-घशाचे कर्करोग यांवर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पेपर लिहिला. तंबाखू चघळण्याचा धोका त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसत आला आहे. तेव्हा ‘कॉफीच्या बाबतीत चुकले होते, मग तंबाखूचंही काय खरं’ हा युक्तिवाद कोणी केला तर तो साफ नाकारावा.

दोष आहे एवढं म्हणून थांबू नये. तो आकडा कोणत्या बाजूला ढकलतो आणि किती, हे विचारावं.

माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात ही अडचण नसते का?

तुलनेचे रुग्ण निवडण्याची नसते, ‘न करणारे कोण’ ही मात्र तिथेही भेटते. दारू न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त जगतात, असं पुष्कळ अभ्यासांत दिसायचं. १९८८ मध्ये जेराल्ड शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे दारू सोडलेले लोक मिसळलेले आहेत. आजारी माणसं त्या खणात गेली, म्हणून तो खण धोकादायक दिसू लागला. बातमीत ‘न करणारे’ असा शब्द आला की विचारावं: कधीच न करणारे, की सोडून दिलेले?

बातमीत यातलं काहीच दिलेलं नसतं. शोधायचं कुठे?

मूळ पेपरचा सारांश बहुधा फुकट वाचता येतो. त्यात गटांची संख्या, ऑड्स रेशो आणि इंटरव्हल मिळतात. पूर्ण पेपर मिळाला तर चर्चेचा भाग सोडून आधी पद्धतीचा भाग उघडा आणि तुलनेचे लोक कुठून घेतले ते वाक्य शोधा. मग तक्त्यांवर या. टक्के सोडून माणसांची संख्या पाहा. तक्त्याखालच्या बारीक अक्षरात कोणकोणते घटक समायोजित केले ते लिहिलेलं असतं. संख्या दिली असेल तर वरचा तिरपा गुणाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. तुमचा ढोबळ आकडा आणि छापलेला समायोजित आकडा यांत मोठी तफावत असेल, तर कोणत्या रकान्यामुळे पडली हा पुढचा प्रश्न.

आणि चहाचं काय?

१९८१ च्या अभ्यासात चहाचा संबंध दिसला नव्हता. २०१६ च्या आढाव्यात एक वेगळी गोष्ट आहे: ६५ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे चटका बसेल इतकं गरम पेय पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवलं गेलं. ते पेय कोणतं आहे याला महत्त्व नाही, तापमानाला आहे. हे वर्गही पुरावा किती भक्कम एवढंच सांगतात, धोका किती मोठा ते सांगत नाहीत. तेव्हा या वर्गवारीची बातमी आली तर तिथेही माणसांच्या संख्येचा तक्ता वेगळा शोधावाच लागतो.